मदत हवी आहे: झोपण्याआधी रामरक्षा म्हणते, तरी झोप येत नाही. काय चुकतंय?

कर्वेनगरची
वय ४६. ऑफिसचे कॉल रात्री साडेदहापर्यंत चालतात. अकराला आडवी होते, झोप लागते साडेबारा-एकला. सकाळी साडेसहाला मुलाचा डबा असतोच. सासूबाई म्हणाल्या, रामरक्षा म्हणत जा, डोकं शांत होतं. लहानपणापासून पाठ आहे, म्हणून दीड महिना रोज म्हणतेय. दिवा मालवून, पडल्या पडल्या, मनातल्या मनात. पाचेक मिनिटांत संपते. मग मोबाइल उचलून वाजले किती ते बघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. परवा चार आवर्तनं झाली. चौथ्या वेळी तर प्रभू रामचंद्रांवरच चिडले होते, खोटं कशाला बोलू.

श्रद्धा आहे, पण आंधळी नाही. स्तोत्र-जप आणि झोप यावर खरंच काही अभ्यास झालाय का? आणि मनात म्हणायचं की मोठ्याने?

दोन_कप_चहा
मनात म्हणता तिथेच चुकतंय. मोठ्याने म्हणा. संस्कृत उच्चारांची कंपनंच अशी आहेत की मेंदू शांत होतो, हे परदेशातही सिद्ध झालंय. दुसऱ्या भाषेत हा परिणाम मिळत नाही.

पर्वतीपायथा
अगदी मनातलं बोललात! आमच्या मागच्या गल्लीतही रोज रात्री साडेदहापर्यंत भजन, वर स्पीकर. दोनदा तक्रार केली, काही उपयोग नाही. कापसाचे बोळे घालून झोपतो.

कर्वेनगरची
पर्वतीकाका, माझ्याकडे स्पीकर नाहीये हो, मीच म्हणते. 😄

खडू_आणि_फळा
वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे.

'दोन कप चहा' म्हणतात त्यातलं मोठ्याने म्हणणं बरोबर, संस्कृतचं नाही. ते ज्याबद्दल बोलतायत तो अभ्यास बहुधा २००१चा, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला. इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांकडून दोन गोष्टी म्हणून घेतल्या. एक ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना, दुसरा 'ॐ मणि पद्मे हुं'. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सुमारे ६ वर आला. एरवी आपण बसल्या बसल्या १२ ते १६ घेतो. म्हणजे लॅटिननेही तेच झालं. कारण साधं आहे. त्या प्रार्थनेच्या एका आवर्तनाला साधारण १० सेकंद लागतात आणि तेवढ्यात एकच श्वास होतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, घेताना वाढतात. या संथ लयीत रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगला प्रतिसाद देते, हे त्यांनी मोजलं.

पण त्या अभ्यासात कुणाची झोप मोजलेली नव्हती. 'जपाने झोप येते' असं त्यातून निघत नाही. शरीर सैल पडायला मदत होते, इतकंच म्हणता येतं.

आता तुमची रामरक्षा. बहुतेक श्लोक अनुष्टुभ आहेत, म्हणजे प्रत्येकी ३२ अक्षरं. मनात म्हटलं की श्वासाचा आणि शब्दांचा संबंधच सुटतो. तोंडाने भराभर म्हटलं तर लोक अख्खा श्लोक एका दमात उरकतात आणि मग धाप लागल्यासारखी हवा ओढतात. त्याऐवजी अर्धा श्लोक, १६ अक्षरं, एका सोडत्या श्वासावर कुजबुजत म्हणा. सहा-सात सेकंद लागतील. मग तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्या, तीनेक सेकंद. झाले १०. या चालीने एका श्लोकाला २० सेकंद, आणि ३८ श्लोकांना बारा-तेरा मिनिटं. तुमचं पाच मिनिटांत होतंय, यातच उत्तर आहे. खात्री करायची तर घरच्यांपैकी कुणाला तरी घड्याळ लावून एका मिनिटात तुमचे श्वास मोजायला सांगा. स्वतः मोजू नका, मोजायला लागलं की श्वास बदलतो.

दुसरी चूक जागेची. अंथरुणात पडून म्हणता आणि मग वेळ बघता, म्हणजे स्तोत्राला झोपेची परीक्षा द्यायला बसवलंत. झोप ओढून आणायला गेलं की ती लांब पळते. निद्रानाशावरच्या उपचारात १९७०च्या दशकापासून सांगतात की अंथरुणात फक्त झोपायचं, डोळे जड झाले की तिथे जायचं, आणि बराच वेळ झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं. तुम्ही खुर्चीत बसून म्हणा, संपलं की विषय संपला. आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत.

दोन_कप_चहा
बरं, लॅटिनवर माघार. पण ॐचं काय? त्यात काहीतरी वेगळं आहेच.

खडू_आणि_फळा
बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये ॐ म्हणताना मेंदूचे स्कॅन काढले होते, २०११मध्ये छापून आलं. भावनांशी संबंधित भाग शांत झालेले दिसले, आणि तुलनेला नुसता 'स्स्स' आवाज काढायला लावला तेव्हा तसं दिसलं नाही. रोचक आहे, पण माणसं मोजकीच होती आणि झोपेचा प्रश्न तिथेही नव्हता.

नास्तिक_पण_परवचा
माझा देवावर विश्वास नाही, म्हणून मी रात्री 'दिवसाचा आढावा' सुरू केला होता. डोळे मिटून, आज काय झालं वगैरे. आठ दिवसांत वाट लागली. साहेब काय म्हणाले, मी काय म्हणायला हवं होतं, सगळा खटला रोज नव्याने उभा राहायचा. शेवटी आजीचा परवचा आठवला. शुभं करोति सोडून दिलं आणि नुसते बे ते दहाचे पाढे, हळूहळू. उत्तम झोप लागते. एकदा दीडकी-अडीचकीवर गेलो तर टक्क जागा झालो, डोकं लावावं लागतं ना!

खडू_आणि_फळा
पाढे चालतील, फक्त इतके पाठ हवेत की डोकं लागू नये. चिंतनाचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं, मागचं उगाळलं की ते चिंतन राहत नाही. २०१८मध्ये अमेरिकेत ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला. झोपण्याआधी ५ मिनिटं काहींनी उद्याची कामं लिहिली, काहींनी झालेली. उद्याची लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं आधी झोप लागली. एकाच रात्रीचा प्रयोग आहे, फार ताणू नये. पण कर्वेनगरताई, कॉल संपल्यावर हे पाच मिनिटं करून मग स्तोत्राला बसा.

एक विचारतो. घोरता का? दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का? असेल तर आधी डॉक्टर, रामरक्षा नंतर. आणि आठवड्यात तीन-चार रात्री असं, तेही तीन महिन्यांहून जास्त, तरीही दाखवाच.

कर्वेनगरची (तीन आठवड्यांनंतर)
घोरत नाही, नवऱ्याची साक्ष आहे. मुलाने श्वास मोजले. जुन्या पद्धतीने भराभर म्हटलं तर १३, सावकाश म्हटलं तर ७. सहावर काही येत नाही, सातवर भागवते. पहिले चार दिवस मध्येच दम पुरेना, तेव्हा एकेक चरणच म्हणायला लागले.

देवघरासमोरच्या खुर्चीत बसते. मोबाइल स्वयंपाकघरात ठेवते आणि गजराला जुनं घड्याळ काढलंय. आठवड्यातल्या चार-पाच रात्री अंदाजे बाराच्या आत झोप लागते. अंदाजे, कारण घड्याळ बघणं बंद आहे. पण ज्या रात्री कॉलवर वादावादी होते, त्या रात्री काहीच चालत नाही. उठून बाहेर बसते.

सासूबाईंचं म्हणणं, हा रामरक्षेचा गुण. नवरा म्हणतो, मोबाइल बाहेर गेला त्याचा. दोन्ही एकाच दिवशी सुरू केलं, त्यामुळे मला आता वेगळं काढता येत नाहीये. खडूकाका, एक आठवडा स्तोत्र बंद करून बघू का?

खडू_आणि_फळा
मोबाइल आत आणून बघा, स्तोत्र चालू ठेवा. सासूबाईंशी वाद होणार नाही.