मदत हवी आहे: झोपेच्या गोळीमुळे आईला घाम येत नाहीये का?

आई ७४ वर्षांची, आम्ही कोथरूडला टॉप फ्लोअरला, दुपारी स्लॅब नुसता भट्टीसारखा तापतो. अंगाला खाज आणि झोप नाही म्हणून महिनाभर रात्री प्रोमेथाझिन २५ चालू आहे, पायाच्या जळजळीसाठी अमिट्रिप्टिलीन १० आधीपासूनच. परवा दुपारी तीनला हात लावला तर अंग तापलेलं आणि काख एकदम कोरडी, मी शेजारी घामाने चिंब! थर्मामीटरवर १००.८. ओला पंचा आणि पंखा केल्यावर तासाभरात ९९ वर आलं. खोकला नाही, लघवीला जळजळ नाही, फक्त तोंड कोरडं आणि लघवी अडखळत होते.

केमिस्ट म्हणाले दोन्ही गोळ्या घामाच्या ग्रंथींना मिळणारा सिग्नल अडवतात, म्हणून नुसतं ताक-पाणी पाजून भागत नाही, पाणी पोटात जातं पण घाम सुटतच नाही. हे पटलं, म्हणून आता अंग बाहेरून ओलं करतोय. बीपीची अॅम्लोडिपिन आहे, शुगर-किडनी नॉर्मल. बरळायला लागली किंवा ताप १०३ च्या वर गेला तर थेट हॉस्पिटल, हे ठरवलंय.

अमिट्रिप्टिलीन एकदम बंद करायची नसते हे माहितीये, डॉक्टर सोमवारी भेटतील. कोणाच्या घरी प्रोमेथाझिन बदलून दिलीय का, खाजेसाठी झोप न आणणारी कुठली दिली, आणि बंद केल्यावर घाम किती दिवसांनी परत यायला लागला?