शब्दचर्चा : 'अकाली रजोनिवृत्ती' कितव्या वर्षापर्यंत म्हणायची?

पारिजात : एका आरोग्यपत्रिकेचं मराठीकरण करतेय, गावातल्या बचतगटांना वाटायचीय. मूळ मजकुरात दोन वेगळे शब्द आहेत, एक प्रीमॅच्युअर आणि एक अर्ली, आणि मराठीत दोन्हीला 'अकाली रजोनिवृत्ती' लिहिलेलं दिसतं. मग ३८ ची बाई आणि ४४ ची बाई एकाच खात्यात जाते. हे बरोबर आहे का? आणि मुळात रजोनिवृत्तीचं वय म्हणजे नक्की कुठल्या दिवशीचं वय धरायचं?

रानवारा : रज म्हणजे मासिक स्राव, निवृत्ती म्हणजे थांबणं, सरळ आहे की. ऋतुनिवृत्ती पण म्हणतात. आमच्याकडे नुसतं 'पाळी गेली', म्हाताऱ्या बायका 'विटाळ गेला' म्हणायच्या. अकाली म्हणजे काळाच्या आधी, त्यात ३८ काय नि ४४ काय.

भुईचाफा : रानवारा, शब्दाच्या फोडीने इथे भागत नाही. मी स्त्रीरोग ओपीडीत बरीच वर्षं आहे. चाळिशीच्या आत गेली तर वेगळं खातं, ४० ते ४५ मध्ये गेली तर 'लवकर', आणि ४५ ते ५५ ही सर्वसाधारण रेंज. आता गंमत बघा, पाश्चात्य देशांत सरासरी ५१ च्या आसपास येते आणि आपल्याकडच्या पाहण्यांमध्ये साधारण ४६-४७. म्हणजे आपल्या सरासरीची बाई त्यांच्या रेंजच्या खालच्या टोकाला उभी असते, म्हणून ४४ ला पाळी गेलेल्या बाईला 'अकाली' म्हणून घाबरवायचं कारण नाही. पण दुर्लक्षही करायचं नाही, कारण इस्ट्रोजेन जितकी वर्षं आधी कमी होतं तितकी हाडं लवकर ठिसूळ व्हायला लागतात. मी पत्रिकेत ४० च्या आतल्यालाच 'अकाली' लिहीन आणि ४० ते ४५ ला 'लवकर आलेली'.

साठीतला_तरुण : माझ्या मिसेसची ५३ ला गेली, रात्री घाम घाम व्हायचा, पंखा फुल लावून झोपायची आणि आम्ही गारठायचो. यावर आयुर्वेदात काही आहे का?

पारिजात : काका, हा धागा शब्दाचा आहे, औषधाचा नाही 🙂

कोकणकन्या : मी वाचलंय की मुलीचा जन्म होतो तेव्हाच सगळी अंडी ठरलेली असतात, ती संपली की पाळी संपली. म्हणजे ज्या बायका वर्षानुवर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतात त्यांची अंडी वाचतात, त्यामुळे त्यांची पाळी उशिरा जाणार. आणि जिची लवकर सुरू झाली तिची लवकर जाणार. बरोबर ना?

भुईचाफा : पहिलं वाक्य बरोबर, बाकीचं नाही. जन्माच्या वेळी साधारण १० ते २० लाख असतात, वयात येईपर्यंत ३ ते ४ लाख उरतात. आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात चारशे-पाचशे. मग बाकीची कुठे गेली? आतल्या आतच जिरतात, दर महिन्याला एक मोठं होतं पण त्याच्यामागे कितीतरी वाया जातात, आणि ही गळती गोळी घेतली, बाळंतपण झालं, अंगावर पाजलं तरी चालूच राहते. गोळी फक्त बाहेर पडणारं एक अंडं थांबवते, लाखांच्या हिशोबात त्याने काय फरक पडणार. पाळी जाते तेव्हा हजारभर उरलेली असतात, म्हणजे अगदी शून्यही नाही. आणि लवकर सुरू झाली म्हणजे लवकर जाते असा भरवशाचा संबंध नाही. त्यापेक्षा आईची कितव्या वर्षी गेली ते विचारा, आणि बाई सिगरेट ओढते का ते. ओढणाऱ्यांची वर्ष-दोन वर्षं आधी जाते.

रानवारा : म्हणजे पाळी हे वय मोजायचं घड्याळ नाही, साठा मोजायची खूण आहे.

भुईचाफा : खूण आहे, पण खूप उशिरा दिसणारी. गर्भ राहण्याची शक्यता पाळी जायच्या कितीतरी आधी, ढोबळमानाने दहा वर्षं आधीच खूप कमी झालेली असते, पाळी मात्र वेळच्या वेळी येत असते. म्हणून 'पाळी येतेय म्हणजे मूल होईल' हे ४२ व्या वर्षी गृहीत धरू नये, आणि 'आता काय राहणार' म्हणून बेफिकीरही राहू नये, दोन्हीकडून बायका फसतात.

शिरीषफूल : माझी केस सांगते. ३९ व्या वर्षी माझी पिशवी काढली, ओव्हरी ठेवल्या. सर्वेला आलेल्या ताईंनी 'रजोनिवृत्ती, वय ३९' लिहून घेतलं. मला तेव्हा घाम वगैरे काहीच नव्हतं, ते आत्ता ४७ ला सुरू झालं. मी अकालीमध्ये आहे का?

भुईचाफा : नाही. पाळी बंद झाली पण ओव्हरी चालू होत्या, तुमच्या बाबतीत पाळी ही खूणच हरवली. पिशवी काढल्यावर ओव्हरी थोड्या लवकर थकू शकतात, पण ३९ हे तुमचं रजोनिवृत्तीचं वय नाही. दोन्ही ओव्हरी काढल्या असत्या तर त्याच दिवशी झाली म्हटलं असतं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या होत्या आठवतं? अशा बायका सरसकट 'पाळी गेली' रकान्यात टाकल्या तर सरासरी वय उगाच खाली येतं. पारिजात, 'पाळी बंद झाली' आणि 'पाळी गेली' हे पत्रिकेत वेगळं ठेवा.

पारिजात : छान, हे घेते. आणि दिवस कुठला धरायचा? बायका म्हणतात 'मार्चपासून आली नाही, म्हणजे गेली.'

भुईचाफा : बारा महिने सलग आली नाही की मागे वळून शेवटच्या पाळीचं वय धरतात. समजा बाईला शेवटची पाळी ४४ वर्षं १० महिने वयाला आली, मग आठ महिने काहीच नाही, तिने गृहीत धरलं गेली. पण ४५ वर्षं ६ महिन्याला पुन्हा आली. मोजणी परत पहिल्यापासून. त्यानंतर वर्षभर नाही आली तर ती ४६ वर्षं ६ महिन्याची असताना आपण म्हणणार की तिची रजोनिवृत्ती ४५ वर्षं ६ महिन्याला झाली. आठ महिन्यांवर घाई केली असती तर 'लवकर' मध्ये गेली असती, आता सर्वसाधारण रेंजमध्ये आहे. आणि वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी अंगावर गेलं तर 'पाळी परत आली' म्हणून बसायचं नाही, तपासून घ्यायचं. हे मोठ्या अक्षरात छापा.

कोकणकन्या : मग एफएसएचची रक्ततपासणी करून लगेच कळत नाही का? उगाच वर्षभर थांबायचं कशाला.

भुईचाफा : पंचेचाळिशीनंतर बहुतेकींना गरजच नसते. त्या दोन-तीन वर्षांत आकडा एका महिन्यात चढतो, पुढच्या महिन्यात उतरतो. चाळिशीच्या आत मात्र तपासणी करायलाच हवी. आणि तिथे मला 'निवृत्ती' शब्दच खटकतो, कारण त्यातल्या काहींच्या ओव्हरी मधूनच जाग्या होतात, शंभरातल्या पाचेक जणींना आपोआप दिवसही राहतात. इंग्रजीतही आता म्हणूनच 'ओव्हरी कमी पडते' असा शब्द घेतलाय.

रानवारा : मग 'अकाली बीजकोश-क्षीणता'?

शिरीषफूल : बचतगटात कोण वाचणार हे? 'ओव्हरी लवकर थकली' लिहा.

भुईचाफा : 'थकली' म्हटलं की बायकांना वाटतं टॉनिक घेतलं की सुधारेल.

पारिजात : आणि पाळी मागेपुढे व्हायला लागते ती मधली तीन-चार वर्षं, त्याला काय? 'संधिकाल' वाचलाय पण तो दिवेलागणीचा वाटतो.

साठीतला_तरुण : आमच्या घरी त्याला 'हिचे दिवस चाललेत' म्हणायचे, हळू आवाजात.