मदत हवी आहे: टाइप वन असलेल्या लेकीची दोन रात्रींची शाळेची सहल, रात्रीच्या डोसचं काय करू?

अनुची_आई: मुलगी १० वर्षांची, वजन ३० किलो, टाइप वनला दोन वर्षं झाली. रात्री झोपताना ग्लार्जिन १० युनिट, जेवणाआधी रॅपिड. सहलीत पहिल्याच दिवशी डोंगर चढायचाय आणि मला भीती त्या रात्रीची आहे, कारण मागे दिवसभर पोहली तेव्हा झोपताना शुगर १४० होती आणि पहाटे तीनला ५२, घामाने उशी ओली झालेली आणि हाक मारली तर नुसती हं हं करत होती. बाई काळजीवाहू आहेत पण सुईला घाबरतात. कोणी पाठवलंय का असं?

माधव_क: ताई, त्या रात्री ग्लार्जिन देऊच नका, शुगर पडणारच नाही. आम्ही असंच करतो.

रेवा७: दादा, प्लीज असं सांगू नका. खूप खेळल्यावर रात्री शुगर पडते हे बरोबर, कारण स्नायू रात्रभर साखर ओढत असतात, पण बेसल पूर्ण बंद केलं तर सकाळी शुगर ३०० आणि कीटोन, वर उलट्या. माझ्या मुलाला डॉक्टरांनी अशा रात्री साधारण २० टक्के कमी सांगितलंय, म्हणजे अनुच्या हिशोबात १० चे ८. पण आकडा तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, फोनवरचं तोंडी बाईंना आठवणार नाही.

सुनंदा_आजी: माझ्या मिस्टरांना पण शुगर आहे, ते कारल्याचा रस घेतात. मुलीला द्या की.

रेवा७: आजी, हिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, रसाने काही होणार नाही.
अनुची आई, बाईंना सुई टोचायची नाहीये, अनु स्वतः पेन लावत असेल तर त्यांनी डायलवरचा आकडा फक्त डोळ्याने बघायचा. आणि रात्री दोनचा अलार्म लावून बोटाची शुगर बघायची. ७० च्या खाली आली तर ग्लुकोज १० ग्रॅम, १५ मिनिटांनी परत चेक. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, ग्लुकागॉन द्यायचं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. हे आधी घरी बोलवून दाखवा. पेन आणि स्ट्रिप्स दुप्पट घ्या, अर्धं अनुच्या पाठीवरच्या बॅगेत, अर्धं बाईंकडे, बसच्या डिकीत अजिबात नको, उन्हात इन्सुलिन खराब होतं.

अनुची_आई: डायल बघायचं सुचलंच नव्हतं, बाई ते नक्की करतील. सेन्सर आहे पण वर नेटवर्क नाही, म्हणजे माझ्या मोबाईलवर काही दिसणार नाही. मग दोनला उठणार कोण, हा प्रश्न उरतोच. मी जवळच्या लॉजवर राहू का, तर अनु म्हणते आई तू आलीस तर मी जाणारच नाही.

माधव_क: मी चुकलो बहुतेक, आमच्या डॉक्टरांना विचारतो. आमच्याकडे दोनदा सकाळी उलट्या झाल्या होत्या, त्यामुळेच असेल का?

रेवा७: कीटोन तपासले होते का तेव्हा?