प्रतिसाद: छातीत दुखत नसतानाही

> "छातीत दुखत नाही, नुसतं मळमळतंय आणि घाम येतोय, म्हणजे पित्तच ना?"

नाही, विशेषतः मधुमेह असेल तर असं धरून चालू नका; तो हार्ट अटॅकही असू शकतो. माझी मावशी मुळशीत आशाताई आहे. गेल्या भातलावणीत शेजारच्या काकू बांधावरून घरी आल्या त्या जबडा धरूनच. वय अठ्ठावन्न, दहा वर्षं साखरेच्या गोळ्या. घरच्यांनी सोडा पाजला. मावशीने हात धरला तर तो गार, चिकट घामाने भिजलेला, आणि बाहेर पावसाळी गारवा! मधुमेहात नसांची संवेदना मंदावते, त्यामुळे छातीतली कळ जाणवतेच असं नाही. दुखणं जबड्यात, पाठीत, खांद्यात उतरतं किंवा नुसता दम लागतो.

काकू म्हणाल्या, "अगं, फाट्यापर्यंत चालत जाते, जीप मिळेल." मावशीने त्यांना एक पाऊल टाकू दिलं नाही. हृदयाला रक्त कमी पडत असताना चालणं म्हणजे त्याच्यावर आणखी ताण. भिंतीला टेकवून, गुडघे दुमडून बसवलं आणि १०८ लावला. फोनवर डॉक्टरांनी विचारलं, ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का, पोटात अल्सर, काळी शौच? नाही म्हटल्यावर ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायला सांगितली. चावल्याने ती लवकर रक्तात जाते. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी मात्र ॲस्पिरिनने विरघळत नाही, फक्त तिची वाढ रोखायला मदत होते. म्हणून गोळीनंतर बरं वाटलं तरी घरी थांबायचं नाही.

पहिला ईसीजी जवळजवळ नॉर्मल होता. थोड्या वेळाने पुन्हा काढला तेव्हा बदल दिसला, आणि त्याच दुपारी पुण्यात अँजिओप्लास्टी झाली. काकू आता पुन्हा बांधावर जातात.