एका चपलेचा फोटो

मृणाल (३०२): भाट्ये बीचवरचा फोटो टाकलाय. मी पोटाला धरून वाकलेय, शलाकाच्या हातात एकच चप्पल. इन्स्टाला टाकायचाय. ‘मैत्री म्हणजे न संपणारं हसू’ असं लिहिलंय. कसं वाटतं?

पराग (१०४): मोटर कुणी चालू केली? टाकी वाहतेय!

सुलभाकाकू (२०१): मृणाल, हसू फोटोत दिसतंच आहे, ते परत कशाला सांगतेस? हसायच्या आधी कोण काय बोललं ते लिही.

मृणाल: मी विचारलं, दुसरी चप्पल कुठेय? ती म्हणाली, लाटेबरोबर गणपतीपुळ्याला गेली. मी म्हटलं, दर्शनाला? तर म्हणते, चप्पल आत कोण सोडणार गं तिला!

काकू: अगो, मग हेच लिही की! फक्त चार ओळी नकोत. फीडमध्ये सुरुवातीचंच दिसतं, पुढे ‘आणखी’वर बोट दाबावं लागतं. तेवढ्यासाठी कोण दाबतंय! आणि ‘दुसरी चप्पल कुठेय’ काढलंस तरी चालेल, हातातली एक बघून ते कळतंच.

मृणाल:
— चप्पल गणपतीपुळ्याला गेली वाटतं.
— आत कोण सोडणार तिला! हाहाहा 😂😂 (शलाका)

काकू: हाहाहा काढ. हसणाऱ्या बाईंचा फोटो वर आहे. कंसातलं नावही काढ.

पराग: मोटर बंद केली. काकू, नाव नसेल तर कोण काय बोललं ते कळणार कसं?

काकू: फोटोवरून. वाकून हसतेय ती ऐकणारी. सरळ उभी राहून, हसू आवरून बघतेय ती बोलणारी. म्हणून शेवटची ओळ शलाकाचीच हवी. उलट केलंस तर मृणाल स्वतःच्याच विनोदावर लोळतेय असं वाटेल.

पराग: हां, ते खरं.

मृणाल: पण काकू, हे तेव्हा असंच्या असं नाही बोललो. मधलं ‘दर्शनाला?’ गाळलं, आणि पहिली ओळ तर तिचीच होती, आता माझ्या तोंडी गेली.

काकू: एवढं चालतं. चप्पल खरंच गेली ना? मग झालं. नसती गेली तर मी आधी नाही म्हटलं असतं. असली बनवाबनवी लगेच कळते, लोक विचारतात आणि मग सारवासारव करत बसायचं.

शलाका (४०३): मला कुणी विचारलंय का? माझे डोळे अर्धे मिटलेत.

मृणाल: म्हणूनच तर चांगला आलाय गं. टाकू ना?

शलाका: टाक. पण मागे शहाळंवाल्या काकांचा चेहरा आलाय, तो काप. आणि हॅशटॅग नको, दोन ओळींखाली दहा शेपट्या बऱ्या दिसत नाहीत.

मृणाल:
— चप्पल गणपतीपुळ्याला गेली वाटतं.
— आत कोण सोडणार तिला!

काकू: आता टाक.

पराग: शलाका, ती उरलेली चप्पल तेवढी जिन्यातून उचल. वाळू सगळी माझ्या दारात आलीय.