मदत हवी आहे : विट्याजवळच्या घरगुती बोअरसाठी पंप किती अश्वशक्तीचा आणि हौद किती मोठा?

खानापूरकर
नमस्कार. विट्यापासून जवळच आमचे घर असून मागील महिन्यात तेथे साडेसहा इंची बोअर 260 फुटांपर्यंत मारून घेतला आहे. केसिंग 40 फूट असून खाली सर्व काळा पाषाण आहे. पहिला झरा 110 फुटांवर व मोठा झरा 215 फुटांवर लागला असे गाडीवाल्याने सांगितले. "दीड इंची पाणी आहे" हेही त्याचेच शब्द. उभे पाणी सध्या 70 फुटांवर आहे. घरात आम्ही सहा जण व गोठ्यात दोन गायी आहेत, आणि गच्चीवरील टाकी जमिनीपासून 28 फूट उंचीवर आहे. ग्रामपंचायतीचे नळाचे पाणी एक दिवसाआड पाऊण तास येते, तेही साठवायचे आहे.

दुकानदार दोन अश्वशक्तीची मोटर घ्या म्हणतो, तर वायरमन एक पुरेल म्हणतो. हौदाबाबत गवंडी 20,000 लिटरचा आग्रह धरत आहे. पंप किती अश्वशक्तीचा घ्यावा, किती खोल सोडावा आणि हौद किती मोठा बांधावा?

शेतीपंप
दीड इंची पाणी असेल तर पंपाची डिलिव्हरीही दीड इंचीच हवी, आणि तेवढे पाणी वर फेकायला दीड अश्वशक्ती लागेलच. आमच्याकडे रात्री दाब 180 व्होल्टपर्यंत उतरतो, त्यामुळे मोटर थोडी वरचढ असलेली बरी. केबलमध्ये मात्र काटकसर करू नका; एवढ्या खोलीला दीड चौरस मिलिमीटरची केबल घातली, तर सुरू होतानाच दाब इतका पडतो की मोटर नुसती गुरगुरत बसते.

रिवाइंडिंगवाला
केबलचे म्हणणे योग्य आहे, अडीच चौरस मिलिमीटरचीच घ्या. परंतु गाडीवाल्याचा इंच आणि पाइपाचा इंच यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गाडीवाला मोजतो तो खाचेवरून वाहणाऱ्या पाण्याची उंची. काटकोनी खाचेवर एक इंच पाणी म्हणजे तासाला सुमारे 500 लिटर, दीड इंच म्हणजे 1400 आणि दोन इंच म्हणजे 2900 लिटरच्या आसपास. अर्ध्या इंचाने पाणी दुप्पट होते, म्हणून नजरेने सांगितलेल्या "दीड इंची"वर मी एक रुपयाही लावत नाही. शिवाय हे माप कंप्रेसरच्या जोरावर पाणी उसळत असतानाचे असते.

आपण आधी एक चाचणी करा. कोणाचा तरी पंप उसना घेऊन 200 फुटांवर सोडा. मोठ्या झऱ्याच्या थोडा वर राहिल्याने खालून येणारे पाणी मोटरीला घासून वर जाते आणि मोटर थंड राहते. झऱ्याच्या खाली सोडलेली मोटर साचलेल्या पाण्यात तापते. 200 लिटरचे पिंप भरायला किती वेळ लागतो, पाणी तुटायला किती मिनिटे लागतात, आणि बंद केल्यावर पहिल्या दहा मिनिटांत पातळी किती चढते, हे लिहून ठेवा. पातळीसाठी दोरीला नट बांधून सोडला तरी पुरे.

कृष्णाकाठ
आमचे घर सांगलीत असून 2019 च्या पुरात हौदात गाळमिश्रित पाणी शिरले, कारण झाकणाची कड जमिनीशी सपाट होती. हौद कितीही लिटरचा बांधा, पण कड दोन फूट तरी वर काढा.

खानापूरकर
कृष्णाकाठ, आमच्याकडे पुराचा प्रश्न नाही, टंचाईचा आहे. तरी अंगणातले पाणी आत जाऊ नये म्हणून कड वर काढेनच.

चाचणी काल केली. शेजाऱ्यांचा दीड अश्वशक्तीचा पंप होता. पिंप बरोबर चार मिनिटांत भरले. चोविसाव्या मिनिटाला पाइप ठोके देऊ लागला, पाण्याबरोबर हवा येऊ लागली आणि पॅनलवरील अॅम्पियरचा काटा खाली आला, तेव्हा लगेच बंद केला. पुढच्या दहा मिनिटांत पातळी 24 फूट चढली.

रिवाइंडिंगवाला
उत्तम, आता अंदाजाचे काम उरले नाही. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटाला साडेसहा लिटर पाणी मावते. 70 पासून 200 फुटांपर्यंत 130 फूट, म्हणजे सुमारे 845 लिटर तर आधीच साठलेले होते. मिनिटाला 50 लिटर या दराने 24 मिनिटांत आपण 1200 लिटर काढले. वरचे 355 लिटर तेवढ्या वेळात झऱ्यांनी दिले, म्हणजे मिनिटाला सुमारे 15 लिटर. पातळी खाली गेल्यावर पंपाचा उपसाही घटतो, म्हणून या एका हिशेबावर विसंबू नये. परंतु दहा मिनिटांत चढलेले 24 फूट म्हणजे सुमारे 155 लिटर, आणि तोही आकडा तेच सांगतो. आपला बोअर तासाला 1400 नव्हे, 900 लिटरचा आहे.

आता गंमत पाहा. मिनिटाला 25 लिटरचा पंप घेतला, तर तेच 1200 लिटर 48 मिनिटांत निघतील आणि पातळी 145 फुटांच्या आसपासच थांबेल. पाणी तेवढेच, पण मोटर कोरडी पडत नाही. दुकानदाराची मोठी मोटर पाणी वाढवत नाही, फक्त लवकर तोडते. आपण हौद बांधणारच आहात, तर बोअरचे पाणी थेट गच्चीवर न नेता हौदात सोडा आणि वर चढवायला अर्ध्या अश्वशक्तीचा वेगळा मोनोब्लॉक ठेवा. मग सबमर्सिबलला पाणी जास्तीत जास्त 200 फुटांवरून उचलावे लागेल. पाइपातील घर्षण धरून 65 मीटर हेड समजा. दुकानात तक्ता मागा, 65 मीटरच्या रकान्यात मिनिटाला 25 ते 30 लिटर दाखवणारा एक अश्वशक्तीचा पंप निवडा. तो बहुधा 12 ते 15 स्टेजचा निघेल, पण स्टेज मोजून पंप घेऊ नका, तक्ता पाहून घ्या. पॅनलमध्ये ड्राय रनचे संरक्षण हवेच.

शेतीपंप
हिशेब पटला. तरी मला वाटते, दीड अश्वशक्तीचा घेऊन गेट व्हॉल्व्ह थोडा आवळला तर तेच साधेल, आणि पाणी वाढले तर व्हॉल्व्ह उघडता येईल.

रिवाइंडिंगवाला
साधते, मीही काही ठिकाणी केले आहे. मात्र घरातले कोणीतरी एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण उघडते आणि मोटर माझ्याकडे येते.

खानापूरकर
मग हौदाचे काय? माणशी 135 लिटर आणि गायींचे धरून आमचा रोजचा वापर 1200 लिटरच्या घरात जातो.

रिवाइंडिंगवाला
हौदाचे माप मे महिन्यावरून धरा. समजा तेव्हा उभे पाणी 110 फुटांवर गेले आणि झरे मिनिटाला 5 लिटरवर आले. 90 फुटांत 585 लिटर साठा. 25 लिटरच्या पंपाने पाणी अर्ध्या तासातच तुटेल आणि हाती सुमारे 730 लिटर येतील. बोअर पुन्हा भरायला जवळजवळ दोन तास लागतील. म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन खेपा, आणि मध्ये वीज गेली तर एकच. म्हणून तीन ते चार दिवसांचा साठा, 5000 लिटर पुरे. आतून 7 बाय 5 फूट आणि पाण्याची खोली 5 फूट धरली की तेवढे होते, वर एक फूट मोकळे ठेवा. 20,000 लिटरच्या हौदात पाणी आठवडे-दोन आठवडे पडून राहील, आणि तो भरायला बोअरला जे पाणी हवे तेच तर आपल्याकडे नाही. मधे भिंत घालून नळाचे पाणी मात्र वेगळे ठेवा, बोअरचे जड पाणी त्यात मिसळू नका.

खानापूरकर
एक अश्वशक्ती, 200 फूट आणि 5000 लिटर हे ठरवत आहे. दोन भाग केल्यास नळाच्या पाण्याला 1500 लिटर पुरतील की 2000, यावर घरात एकमत नाही. मोनोब्लॉकही दोन्ही भागांतून ओढणारा एकच असावा की नळाच्या पाण्याला हातपंप ठेवावा, हे कोणी अनुभवाने सांगितल्यास बरे होईल. मेमध्ये चाचणी पुन्हा करून आकडे येथेच लिहीन.