अनुभव धागा: एक खोली, दोन टीम आणि मेलवर मिटलेला वाद

सामाईक मीटिंग रूम किंवा यंत्रावरून दोन टीममध्ये वाजलं आणि ते मेलवर मिटलं (किंवा मिटलं नाही), असे अनुभव इथे लिहा. नेमकं काय लिहिलं होतं, कोणाला लिहिलं होतं आणि त्यानंतर काय झालं, हे जरूर सांगा. सुरुवात मी करते.

रुजवात:
आमच्या मजल्यावर मोठी स्क्रीन असलेली एकच खोली आहे. आमच्या टीमचा आढावा मंगळवारी आणि गुरुवारी १० ते ११ असतो. शेजारच्या टीमने मात्र तीच खोली रोज ९ ते ११ अशी कायमची अडवून ठेवलेली. बाहेरून डोकावलं की कधी पहिला तास रिकामा, कधी दुसरा. एका मंगळवारी खोली रिकामी दिसली म्हणून आम्ही जाऊन बसलो. पाचच मिनिटांत ते लोक दारात उभे, त्यांचा क्लायंट लाइनवर आलेला.

त्या दुपारी मी रागाच्या भरात मेल केला: "तुमची टीम खोली अडवून ठेवते आणि वापरत नाही." दोन्ही मॅनेजरना सीसीमध्ये घेतलं. ही माझी मोठी चूक. तीन दिवसांत सतरा मेल झाले आणि प्रत्येकजण आपापल्या साहेबांसमोर आपली बाजू मांडत राहिला. खोलीबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

चौथ्या दिवशी मी नवा मेल लिहिला, नव्या विषयाने, फक्त त्यांच्या टीमचं कॅलेंडर सांभाळणाऱ्या एकाच व्यक्तीला:

"मंगळवारी आम्ही न विचारता बसलो, ते चुकलं. आम्हाला मंगळवार-गुरुवार १० ते ११ मोठी स्क्रीन लागते, कारण नऊजण एकाच चार्टवर काम करतात. ९ ते ११ पैकी तुम्हाला नक्की कोणता वेळ लागतो आणि का, हे कळलं तर मी आमची वेळ बसवून बघते. शुक्रवारपर्यंत सांगाल का?"

तासाभरात उत्तर आलं आणि सगळा उलगडा झाला. त्यांचा क्लायंट घड्याळं पुढेमागे करणाऱ्या देशातला. तिथली घड्याळं मागे गेली की तोच कॉल आमच्याकडे एक तास उशिरा येतो. म्हणजे अर्धं वर्ष ९ ते १० आणि अर्धं वर्ष १० ते ११. दरवेळी बुकिंग बदलायला कोणीतरी विसरायचं, म्हणून एकदाचे दोन्ही तास धरून ठेवलेले. अडवणूक नव्हती, धास्ती होती.

तोडगा असा निघाला. त्यांनी रोजच्या बुकिंगची मालिका क्लायंटच्या टाइम झोनमध्ये नव्याने केली, त्यामुळे ती आपोआप सरकते. कॉल ९ ला असतो त्या महिन्यांत १० ते ११ आमचं. कॉल १० ला सरकला की आम्ही ११:१५ ला जमतो. हे सगळं मी तारखांसकट एका मेलमध्ये लिहून पाठवलं, त्यांनी "मान्य" लिहिलं, आणि मग तो मेल दोन्ही मॅनेजरना माहितीसाठी गेला.

शिस्तप्रिय:
मला इतकं गुळमुळीत लिहिणं पटत नाही. कॅलेंडरवर ज्याचं नाव त्याची खोली. मी सरळ बुकिंगचा स्क्रीनशॉट जोडतो, मॅनेजर सीसीमध्ये, विषय संपतो. लेखी पुरावा असलाच पाहिजे.

खुंटी:
शिस्तप्रिय, लेखी असावं हे अगदी बरोबर. पण कॅलेंडर सगळं सांगत नाही. मी मेल आणि खोल्यांच्या बुकिंगची व्यवस्था बघते. एक्स्चेंज या मेल सर्व्हरवर खोलीच्या मेलबॉक्सला `DeleteSubject` आणि `AddOrganizerToSubject` या दोन गोष्टी मुळातच चालू असतात. म्हणजे मीटिंगचा विषय पुसला जातो आणि बोलावणाऱ्याचं नाव तिथे येतं. क्लायंट कॉल आहे की नुसती धरून ठेवलेली वेळ, हे स्क्रीनशॉटवरून कळतच नाही. शिवाय माणूस नोकरी सोडून जातो आणि त्याची मालिका खोलीवर तशीच राहते. एकदा एका टीमला तिच्यातून कधीच निघून गेलेल्या माणसाच्या नावाने कडक मेल गेला होता. म्हणून आधी विचारायचं, "ही मालिका अजून लागते का?"

रुजवात, तुमच्या तोडग्यात एक धोकाही होता. मूळ सेटिंगमध्ये मालिकेतला एक जरी दिवस दुसऱ्या बुकिंगवर आदळला तरी खोली अख्खी मालिका नाकारते. म्हणून आधी त्यांनी सोडायचं, मग तुम्ही धरायचं. आणि त्या मधल्या वेळेत तिसराच कोणी खोली घेतो.

रुजवात:
नेमकं तेच झालं! त्यांनी सकाळी मालिका रद्द केली, मी जेवून येईपर्यंत तिसऱ्या टीमने दोन गुरुवार घेतलेले. त्यांना वेगळा मेल करावा लागला.

खुंटी:
पुढच्या वेळी मेलमध्ये वेळच ठरवा: "मी उद्या ३ वाजता सोडतो, तुम्ही लगेच धरा." आणि चालू मालिकेची वेळ बदलू नका, कारण आउटलुकमध्ये त्यातले एकेका दिवसाचे वेगळे बदल पुसले जातात. जुनी मालिका एका तारखेला संपवून नवी सुरू करणं बरं.

पागोळी:
आमचं खोलीचं नाही, टेंपरेचर चेंबरचं. आमची ७२ तासांची चाचणी चालू होती. ४१व्या तासाला दुसऱ्या टीमने आपला नमुना काढायला दार उघडलं. तापमान उतरलं, आमची चाचणी पहिल्यापासून. मी मेलमध्ये कोणाचंही नाव घेतलं नाही. लॉगचा आलेख जोडला, दार उघडल्याची वेळ खुणेने दाखवली आणि विचारलं, "त्या वेळी नमुना काढणं का भाग होतं?" उत्तर मिळालं की चेंबर चालू असणं आणि चाचणी चालू असणं यातला फरक त्यांना बाहेरून कळत नव्हता. बुकिंगमध्ये फक्त आमच्या टीमचं नाव होतं.

आता नोंदीत दोन ओळी जास्त लिहितो: दार कधीपर्यंत उघडायचं नाही आणि तातडी असेल तर कोणाला फोन करायचा. ती भांडणं थांबली. पण गेलेले ४१ तास कोणाच्या वेळापत्रकातून भरायचे, यावर तीन मेल झाले आणि ते तसंच राहिलं. आम्ही दोन रात्री जास्त थांबलो, त्याची सल अजून आहे.

ओसरी:
माझ्या बाजूला बसणारी सहकारी रोज माझा हेडफोन घेते आणि चार्ज न करता ठेवते. तिलाही असाच मेल करू का?

पागोळी:
ओसरी, तो तुमचा स्वतःचा हेडफोन आहे आणि ती शेजारीच बसते. तिच्याशी बोलाच. मेल आला तर तिला तक्रार वाटेल.

शिस्तप्रिय:
खुंटी, विषय पुसला जातो हे मला माहीत नव्हतं. मागच्या महिन्यात मी ज्यांना स्क्रीनशॉट पाठवला, त्यांच्याकडे त्या दिवशी उमेदवाराची मुलाखत होती, असं नंतर कळलं. सीसीची सवय सोडतो. पण एक प्रश्न राहतोच. दोन्ही टीमना तोच तास खरोखर हवा असेल, कोणाचंच बुकिंग पोकळ नसेल, तर मागे कोणी व्हायचं?

रुजवात:
आम्ही तेव्हा आलटूनपालटून केलं असतं, पण क्लायंटचा कॉल आलटूनपालटून होत नाही. हिवाळ्यात आम्हीच सरकतो आणि आमच्यातल्या दोघांना ११:१५ अडचणीचं जातं, हे मला रोज दिसतं. यावर कोणाला काही जमलं असेल तर लिहा.